बाळ दूध टाकतंय? आधी वजन बघा

एक करून बघा. जुन्या दुपट्यावर चहाचे दोन चमचे दूध ओता. डाग एवढा पसरतो की पाहणाऱ्याला वाटावं, बाळाने प्यायलेलं सगळंच बाहेर आलं. पाजल्यावर बाळ तोंडातून दूध काढतं, ते बहुतेक वेळा एवढंच असतं.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते, तिथे स्नायूचा एक पट्टा असतो. खाल्लेलं वर येऊ नये म्हणून तो आवळून राहतो. तान्ह्या बाळाचा हा पट्टा अजून सैल असतो, जठर लहान असतं, आहार नुसता पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. त्यामुळे ढेकर देताना किंवा पोट दाबलं गेलं की थोडं दूध ओघळतं. कधी ते दह्यासारखं फाटलेलं असतं. जठरातल्या आम्लामुळे तसं होतं, त्याचा अर्थ आईचं दूध नासलं असा नाही. चौथ्या महिन्याच्या आसपास हे सर्वात जास्त दिसतं. बाळ बसायला लागलं की कमी होतं आणि वर्षाच्या आत बहुतेक मुलांचं थांबतं.

आमच्या वस्तीतल्या दोन महिन्यांच्या एका मुलीचं सांगते. दिवसातून आठ-दहा वेळा दूध टाकायची. आजीचं म्हणणं, सुनेचं दूध बाधतंय, डबा आणा. डबा म्हणजे पावडरचं दूध, आणि त्यासोबत बाटली, उकळलेलं पाणी आणि महिन्याचा खर्च. मी आधी मुलीचं कार्ड मागितलं. जन्मवजन 2 किलो 800 ग्रॅम. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतंच. पंधराव्या दिवशी ते पुन्हा 2 किलो 800 झालं होतं. अंगणवाडीच्या काट्यावर त्या दिवशी भरलं 4 किलो 100. म्हणजे 45 दिवसांत 1300 ग्रॅम, रोजचे जवळपास 29. पहिल्या तीन महिन्यांत रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ चांगली समजतात. मुलगी दिवसातून सात-आठ वेळा लघवी करत होती, दूध टाकून झालं की हसत होती. तिच्या पोटात पुरेसं दूध राहत होतं, याचा पुरावा कार्डावरच होता. डबा आणायची गरज नव्हती.

बदलायचं होतं ते एवढंच. दूध टाकलं की "पोट रिकामं झालं" म्हणून तिला लगेच पुन्हा पाजत होते. भरल्या पोटात आणखी दूध, म्हणून आणखी बाहेर. ते थांबवलं. पाजताना मध्ये एकदा आणि शेवटी खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, मग वीस-तीस मिनिटं उभं धरायचं. लगेच झोळीत टाकायचं नाही, पोटावर घट्ट कापड बांधायचं नाही. झोपवायचं मात्र पाठीवरच. दूध घशात अडकेल या भीतीने बायका बाळाला पालथं घालतात. पण पालथं झोपवण्यातच झोपेत दगावण्याचा धोका जास्त. घुटी, मध, ग्राइप वॉटर यांनी तो पट्टा घट्ट होत नाही. आठ दिवसांनी दूध टाकणं अर्ध्यावर आलं होतं. पूर्ण थांबलं नव्हतं, आणि ते थांबेल असं मी सांगितलंही नव्हतं.

आता दुसरी बाजू. उलटी हिरवी असेल तर उद्याची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. हिरवा रंग पित्ताचा असतो. आतड्याला पीळ पडून वाट बंद झाली असेल तर असं होतं, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

दुसरी खूण साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दिसते, मुलग्यांमध्ये जास्त. दूध ओघळत नाही, पिचकारीसारखं लांब उडतं, जवळपास प्रत्येक पाजणीनंतर. उलटी झाली की बाळ पुन्हा भुकेलेलं. दिवसागणिक जोर वाढतो, वजन थांबतं, लंगोट कमी ओले होतात. जठराचं खालचं तोंड जाड होऊन आवळलेलं असतं. सोनोग्राफीत कळतं, छोट्या ऑपरेशनने बरं होतं. घरी बसून बरं होत नाही.

याशिवाय उलटीत रक्त, ताप, पोट फुगून टणक होणं, टाळू फुगणं, बाळ मलूल पडणं किंवा दूध ओढायचं सोडणं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. वजन वाढत नसेल, पाजताना बाळ दरवेळी कळवळत असेल, सहा महिन्यांनंतर उलट्या नव्याने सुरू झाल्या किंवा वर्षानंतरही चालू राहिल्या, तरी दाखवायलाच हवं.

सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. कुणी पैसे मागितले तर कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा. निघताना कार्ड घ्या, आणि उलटीचा डाग पडलेलं दुपटं न धुता पिशवीत टाका. "हिरवी होती की पिवळी?" असं डॉक्टर विचारतात तेव्हा घाबरलेल्या आईला नीट आठवत नाही. कापडावर रंग दिसतो.