क्लिक भरपूर, तरी व्हिडिओ पुढे का जात नाही? टायटल आणि रिटेन्शनचं गणित

पिंपरी-चिंचवड आणि चाकणमधल्या नोकऱ्यांची माहिती देणारे बरेच व्हिडिओ मी पाहतो. ‘चाकणमध्ये थेट भरती, पगार ३० हजार!’ असं टायटल दिसलं की आयटीआय झालेला मुलगा क्लिक करणारच. पण आत गेल्यावर कळतं की काम ठेकेदारामार्फत आहे आणि ३० हजार ओव्हरटाइम धरून आहेत. मग तो लगेच मागे फिरतो. त्याचा वेळ तर जातोच, पण चॅनेलचंही नुकसान होतं. कसं ते बघू.

यूट्यूबने २०१२ मध्येच शिफारशींसाठी नुसत्या व्ह्यूजऐवजी वॉच टाइमला महत्त्व द्यायला सुरुवात केली. समजा, वरच्या टायटलचा थंबनेल १,००० वेळा दिसला. १० टक्के लोकांनी क्लिक केलं, म्हणजे १०० जण आले आणि सरासरी ४० सेकंद थांबले. एकूण वॉच टाइम झाला साधारण ६७ मिनिटं.

आता दुसरं टायटल घ्या: ‘चाकणमध्ये फिटरच्या हातात खरंच किती पडतात? पगाराची स्लिप समजून घ्या’. इथे क्लिक ५ टक्केच, म्हणजे ५० जण. पण ते सरासरी ३ मिनिटं थांबले, तर १५० मिनिटं होतात. क्लिक निम्मे, वॉच टाइम दुपटीहून जास्त! यूट्यूबचा खरा हिशोब याहून गुंतागुंतीचा आहे, त्यात प्रेक्षकांचं समाधानही मोजलं जातं. पण लोक येऊन लगेच निघून जात असतील, तर पुढच्या लोकांना व्हिडिओ कमी दाखवला जातो.

तुमच्या व्हिडिओचं हेच होतंय का, हे YouTube Studio मध्ये कळतं. Analytics मध्ये Impressions click-through rate आणि Average view duration हे आकडे एकत्र बघा. मग रिटेन्शनचा आलेख उघडा. पहिल्या ३० सेकंदांत थोडी घसरण सगळ्यांचीच होते. पण तुमच्या इतर व्हिडिओंपेक्षा ती बरीच खोल असेल आणि क्लिक मात्र जास्त असतील, तर टायटलने दिलेला शब्द व्हिडिओ पाळत नाहीये.

एक लक्षात ठेवा: क्लिकचं प्रमाण नुसतं कमी झालं म्हणून घाबरू नका. व्हिडिओ सबस्क्रायबरबाहेरच्या लोकांना दिसू लागला की ते आपोआप उतरतं.

उपाय म्हणजे टायटल मिळमिळीत करणं नव्हे. उत्सुकता ठेवा, पण तिचं उत्तर व्हिडिओत असू द्या आणि त्याची सुरुवात पहिल्या अर्ध्या मिनिटात करा. ‘हातात किती पडतात?’ असं विचारलंत, तर लांबलचक इंट्रो न लावता थेट स्लिप दाखवा. पीएफ कुठे कापला, ईएसआय किती गेला, ओव्हरटाइम किती धरला हे त्यानंतर सांगा. व्हिडिओ आधीच टाकला असेल, तरी टायटल बदलता येतं आणि लांबलेला इंट्रो Studio च्या Editor मध्ये कापताही येतो.

थंबनेलची तुलना करणारं यूट्यूबचं टूलही विजेता क्लिकवरून ठरवत नाही, वॉच टाइमच्या वाट्यावरून ठरवतं. आपणही मोजमाप तेच ठेवलेलं बरं.