शेजारच्या घाण्याने न सांगितलेलं

लाकडी घाण्याचं तेल विकणारी इन्स्टाग्राम खाती ओळीने पाहत गेलं, तर थोड्या वेळाने सगळी एकाच घरची वाटू लागतात. ‘रिफाइंड तेल का टाळावं’, ‘अस्सल घाण्याचं तेल कसं ओळखावं’, ‘कोणत्या पदार्थाला कोणतं तेल’. बोटाने सरकवत पाहायच्या या स्लाइड्सच्या मालिकेला कॅरोसेल म्हणतात. 2017 मध्ये ही सोय आली तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं बसत, 2024 पासून वीस बसतात. जागा दुप्पट झाली, पण विषय तेवढेच राहिले, कारण नवा विक्रेता बहुतेक वेळा शेजारच्याची गाजलेली पोस्ट पाहून रंग बदलून तीच करतो. शेजाऱ्याची पोस्ट जरूर पाहावी, पण त्यात काय नाही हे शोधण्यासाठी.

उदाहरणापुरतं समजा, सातारा जिल्ह्यातला एक तरुण घाणेवाला शेंगदाणा आणि करडईचं तेल काढतो. त्याच्याच शहरांत माल पाठवणारं एक मोठं खातं त्याने अभ्यासाला घेतलं. त्या खात्याच्या गाजलेल्या पोस्ट कोणत्या, हा पहिला प्रश्न. इथे बरेच जण सरळ सर्वांत जास्त लाइक असलेल्या पोस्ट उचलतात आणि फसतात. आपल्या माणसाने शेवटची चाळीस कॅरोसेल उतरवून घेतली आणि लाइक व कमेंटचे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा काढला. त्या मधल्या आकड्याच्या दुपटीहून वर गेलेल्या त्याला सात मिळाल्या. सरासरी न घेता मधला आकडा घेतला, कारण एखादी तुफान चाललेली पोस्ट सरासरीला एकटीच ओढून नेते.

सातपैकी तीन त्याने लगेच बाजूला काढल्या. एकीत ‘कमेंटमध्ये OIL लिहा, आम्ही यादी पाठवतो’ असं आवाहन होतं. तिथल्या शेकडो कमेंट म्हणजे तोच एक शब्द. दुसरी एका प्रसिद्ध खाद्यखात्याबरोबर मिळून टाकलेली, म्हणजे निम्मे वाचक उसने. तिसरीला लाइक भरपूर, कमेंट जवळजवळ नाहीत. अशी पोस्ट पैसे देऊन पुढे ढकललेली असू शकते. मेटाच्या जाहिरात-संग्रहात चालू जाहिराती कोणालाही पाहता येतात, तिथे ती सापडली. पोस्ट किती जणांनी सेव्ह केली हे मात्र फक्त खातेवाल्याला दिसतं, बाहेरच्याला नाही. त्यामुळे बाहेरून केलेली ही निवड अंदाजाचीच असते.

उरलेल्या चार पोस्ट त्याने गिऱ्हाइकाच्या डोळ्याने वाचल्या. प्रत्येक स्लाइडखाली एकच ओळ लिहायची: हे वाचून माझ्या मनात पुढे काय येईल? ‘घाण्याचं तेल महाग का?’ ही त्या खात्याची सर्वांत चाललेली पोस्ट. नऊ स्लाइड्समध्ये शुद्धता, परंपरा, संथ फिरणारा लाकडी घाणा, रसायनविरहित प्रक्रिया हे सगळं होतं. हिशेब नव्हता. एक लिटर शेंगदाणा तेलाला लाकडी घाण्यावर साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाणे चांगले असले तर थोडे कमी, नाहीतर जास्त. वाण्याकडचा दाण्याचा भाव घरातल्या बाईला पाठ असतो. अडीचने गुणलं की बाटलीची किंमत तिची तिलाच समजते. मग ती पुढचंही विचारणार, उरलेल्या पेंडीचं काय करता? पेंड विकली जाते आणि तेवढी किंमत वजा होते, हेही सांगावं लागेल. मथळ्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खुद्द पोस्टमध्येच नसणं, ही सर्वांत सहज हाती लागणारी फट.

खरा ऐवज मात्र कमेंटमध्ये असतो. ‘खूप छान’ आणि हात जोडलेली चिन्हं वगळून त्याने फक्त प्रश्न उतरवले. त्यातही जिथे विक्रेत्याचं उत्तर ‘चेक DM’ एवढंच आहे, तिथे खूण केली. किंमत विचारणारे सोडले, तर तीन प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत परत परत आले होते. तळताना फेस येऊन तेल उतू का जातं? बाटलीच्या तळाशी साका का बसतो? आणि एकदा कोणीतरी विचारलेलं: दाण्याला बुरशी असली तर ती तेलात येते का?

पहिल्या दोघांना विक्रेता बहुधा कंटाळून टाळत असावा. उत्तर अवघड नाही. कच्च्या तेलात चिकट स्निग्ध द्रव्यं, दाण्याचे बारीक कण आणि थोडा ओलावा असतो. रिफाइंड करताना हे सगळं काढून टाकतात. घाण्याच्या तेलात त्यातलं थोडं राहतं, तेच फेसाळतं आणि तेच तळाशी बसतं. म्हणून तेल नितळू द्यावं, वरचं तळणाला आणि तळाचं फोडणीला वापरावं, कढई अर्धीच भरावी. पण वास खवट असेल तर प्रश्न फेसाचा नाही, तेल जुनं झालंय. घाणेवाल्याने यावर सात स्लाइड्स केल्या आणि पहिल्या स्लाइडवर गिऱ्हाइकाचेच शब्द ठेवले: ‘घाण्याचं तेल तळताना उतू जातं.’ तक्रारीनेच सुरुवात करायला शेजारचा धजला नव्हता. विषय तोच, बाजू वेगळी.

तिसऱ्या प्रश्नावरचं मौन वेगळ्या जातीचं आहे. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. त्याचा मोठा भाग पेंडीत राहतो, पण काही तेलातही उतरतं. रिफाइंड करताना ते बऱ्याच अंशी निघून जातं. घाण्यावर ती पायरीच नाही. म्हणजे प्रामाणिक उत्तरात रिफाइंडची एक जमेची बाजू कबूल करावी लागते, आणि ‘रिफाइंड का टाळावं’ यावर उभं असलेलं खातं ते करणार नाही. ही फट खोल आहे, पण ती आपल्या घाणेवाल्याचीही होईलच असं नाही. दाणे हाताने निवडून घेणं, ओले दाणे परत करणं आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून अहवाल दाखवणं, हे तो करत असेल तरच त्याने यावर बोलावं. नाहीतर त्याच्याही कमेंटमध्ये ‘चेक DM’ सुरू होईल.

काही फटी मुद्दाम सोडलेल्या असतात. ‘मधुमेहाला कोणतं तेल चांगलं?’ हा प्रश्नही खूपदा येतो आणि शेजारी गप्प असतो. ते शहाणपण आहे, कारण अन्नपदार्थाने आजार बरा होतो असं सांगून तो विकायला कायद्याची मनाई आहे. करडईचं तेल औषध म्हणून खपवायला निघालेल्याला इथे मोकळं मैदान दिसेल. तिकडे जाऊ नये.

एखाद्या विषयाला फट म्हणण्याआधी त्या खात्याची रील्स, हायलाइट्स आणि पोस्टखालचा मजकूरही चाळावा लागतो. उत्तर तिथे दिलेलं असतं आणि आपण फक्त स्लाइड्स पाहिलेल्या असतात. आणि चार-पाच कमेंट म्हणजे मागणी नव्हे. घाणेवाल्याने आपल्या व्हॉट्सॲपवरचे जुने संदेश चाळले. फेसाबद्दल त्याच्याही गिऱ्हाइकांनी विचारलं होतं, साक्याबद्दल तर बाटल्या परत आल्या होत्या. यूट्यूबच्या शोधपट्टीत ‘घाण्याचं तेल’ लिहून पुढे काय सुचवलं जातं तेही पाहिलं. शेजाऱ्याचं चित्र, मांडणी, वाक्यं यांतलं काही उचललं नाही. ते त्याचं आहे. प्रश्न गिऱ्हाइकांचे आहेत.

पोस्ट टाकल्यावर त्याने लाइककडे पाहिलं नाही. आपल्या खात्यावर किती जणांपर्यंत पोस्ट पोहोचली आणि त्यातल्या किती जणांनी ती सेव्ह केली, हे दिसतं; ते प्रमाण त्याने स्वतःच्या जुन्या पोस्टशी ताडलं. त्याहून भरवशाची खूण कमेंटमध्ये होती. ‘फेस का येतो’ हे विचारणं थांबलं आणि ‘नितळायला किती दिवस ठेवायचं’ हे सुरू झालं. पुढचं कॅरोसेल त्यावर.