ऑक्टोबर २०१९ ची बाटली, २०२१ चा सुगंध

समजा, जुन्या-नव्या वस्तू विकायच्या एखाद्या अ‍ॅपवर डिऑरच्या ‘सोव्हाज एलिक्सिर’ची जाहिरात दिसली. साठ मिलिलिटरची बाटली, ‘दोनच फवारे मारलेत, गिफ्ट मिळालं होतं’, किंमत दुकानातल्यापेक्षा निम्मी. विकणारा तयारीचा आहे. गिऱ्हाईक काय विचारतं हे त्याला ठाऊक असल्यामुळे त्याने बाटलीचा तळ आणि खोक्याचा तळ असे दोन फोटो शेजारी शेजारी टाकलेत. दोन्हींवर 9X01 हा एकच कोड आहे. वर एका वेबसाइटचा स्क्रीनशॉटही आहे. तिथे हा कोड टाकला की उत्तर येतं : ऑक्टोबर २०१९. आता आणखी काय पुरावा हवा?

पुरावा आहेच, पण तो विकणाऱ्याच्या विरोधातला. सोव्हाज ओ द तुआलेत बाजारात आलं २०१५ मध्ये, ओ द परफ्युम २०१८ मध्ये, परफ्युम २०१९ मध्ये आणि एलिक्सिर २०२१ मध्ये. म्हणजे ही बाटली त्या सुगंधाच्या जन्माआधीच भरली गेली! डिऑरच्या कोडमधला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो, त्यामुळे 9 म्हणजे २०१९ किंवा २०२९. तिसरा पर्याय नाही. नकली माल करणाऱ्याच्या हाती कधीतरी साध्या सोव्हाजची एक खरी बाटली आली असणार. तिच्यावरचा कोड त्याने उतरवून घेतला आणि पुढे जे जे बनवलं त्या सगळ्यावर तोच मारला.

या धंद्यात लोक सर्वाधिक फसतात ते इथे. बॅच कोड वाचणाऱ्या चेकफ्रेशसारख्या वेबसाइट फक्त एवढंच सांगतात, की या कंपनीच्या पद्धतीत या कोडचा अर्थ अमुक तारीख होतो. समोरच्या बाटलीबद्दल त्यांना काहीच माहीत नसतं. बॅच कोड गाडीच्या नंबरासारखा प्रत्येक बाटलीला वेगळा नसतो. एका खेपेत भरलेल्या हजारो बाटल्यांवर तो एकच असतो. तेव्हा ‘साइटवर कोड लागला’ या वाक्याला फारशी किंमत नाही. कोड लागला नाही तर संशय घ्यावा, लागला तर खरी चौकशी तिथून सुरू करावी.

चौकशी म्हणजे कोडमधली तारीख बाकीच्या गोष्टींशी जुळते का ते पाहणं. पहिली जुळणी सुगंधाच्या जन्मवर्षाशी. दुसरी बाटली आणि खोक्याची एकमेकांशी : कारखान्यातून निघताना दोन्हींवर सहसा एकच कोड असतो, आणि वेगळा दिसला तर खोकं एकीचं आणि बाटली दुसरीची असण्याची शक्यता मोठी. तिसरी जुळणी खोक्यावरच्या मजकुराशी, आणि मला ती सगळ्यात आवडते, कारण तिचा विचार नकली माल करणारा क्वचितच करतो. खोक्याच्या मागे किंवा तळाशी बारीक अक्षरात घटकांची यादी असते. तिच्यात पूर्वी अनेक परफ्युममध्ये ब्युटिलफेनिल मिथाइलप्रोपिओनल हे लांबलचक नाव सापडायचं. लिली ऑफ द व्हॅलीच्या फुलासारखा वास देणारं हे रसायन, व्यापारी नाव लिलिअल. १ मार्च २०२२ पासून युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली आणि मोठ्या घराण्यांना त्याआधीच आपली सूत्रं बदलावी लागली. आता कोड सांगतोय २०२३, खोक्यावर फ्रान्सचं नाव आहे आणि यादीत हा पदार्थ तसाच आहे, तर छपाईसाठी कोणीतरी जुनं खोकं स्कॅन केलंय असं समजायला हरकत नाही.

पण हे सगळं करायला कोड फोटोत दिसायला तर हवा! डिऑर, शनेल अशा कंपन्यांच्या खोक्यावर हा कोड बहुधा शाईने छापलेला नसतो. पुठ्ठ्यावर नुसता दाबून उमटवलेला असतो. समोरून फ्लॅश मारून फोटो काढला की हा ठसा गायब होतो आणि तळ कोरा दिसतो. अशा फोटोवरून ‘कोडच नाही, म्हणजे नकली’ असा निकाल देणारे बरेच आहेत, तो चुकीचा. विकणाऱ्याला सांगावं, की फ्लॅश बंद कर, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च खोक्याच्या कडेला जवळजवळ आडवा धर आणि मग फोटो काढ. तिरप्या उजेडात ठशाच्या कडांची सावली पडते आणि अक्षरं उठून दिसतात. जिथे दाबलेला ठसा असायला हवा तिथे काळ्या शाईचे ठिपके दिसले, तर मात्र थांबावं. खोकी छापणाऱ्या कारखान्याला चार रंगांची छपाई सोपी असते. ठसा मारायचा तर वेगळा साचा लागतो, आणि नकली मालात खर्च वाचवतात तो अशाच जागी.

आणखी एक विनंती करावी. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावेत. नेहमीच्या पद्धतीने गेलेला फोटो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षरांच्या कडा विरघळतात. मग खरं खोकंही नकली वाटू लागतं. मोबाइल खोक्याला चिकटवून काढलेला फोटोही असाच फसवतो, कारण कडेची अक्षरं ताणली जातात. हातभर अंतरावरून थोडं झूम करून काढलेला फोटो बरा. बाटलीशेजारी त्या दिवशीचा पेपर किंवा विकणाऱ्याच्या हातची नाव-तारखेची चिठ्ठीही असू द्यावी, म्हणजे फोटो दुसऱ्याच्या जाहिरातीतून उचललेले नाहीत एवढी तरी खात्री होते.

असा फोटो हाती आला, की छपाईकडे वळावं. खऱ्या खोक्यावर काळा मजकूर बहुतेक वेळा एकाच काळ्या शाईने छापलेला असतो. त्यामुळे कितीही मोठं करून पाहिलं तरी अक्षर सलग काळं आणि कडा स्वच्छ. नकली खोक्याचा उगम बऱ्याचदा स्कॅनमध्ये असतो, आणि स्कॅन केलेलं अक्षर यंत्राच्या लेखी चित्रच. ते चित्रासारखंच निळ्या, लाल, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांनी छापलं जातं. म्हणून घटकांच्या यादीतलं एक अक्षर मोठं करून पाहावं. कडेला रंगीत ठिपक्यांची झालर दिसली, तर त्या खोक्याने ओळख सांगितलीच म्हणायची. सोनेरी-चंदेरी नावांचंही असंच. खरी अक्षरं गरम साच्याने चिकटवलेल्या पातळ फॉइलची असतात आणि खोकं हलवलं की आरशासारखी चमक बदलते. नकलीत कधी नुसतीच पिवळसर शाई असते, कधी फॉइल असतं पण अक्षराच्या पोटात भरून गेलेलं किंवा कडेला कुरतडलेलं. स्पेलिंगच्या चुका सापडल्या तर उत्तमच, पण हल्ली त्या कमी झाल्यात. बारकोडवर वेळ घालवू नये. तो खऱ्या खोक्यावरून जसाच्या तसा उचलतात. त्याचे सुरुवातीचे आकडे फ्रान्सचे निघाले तरी बारकोड कुठे नोंदला गेला एवढंच कळतं, माल कुठे भरला ते नाही.

तुलना कशाशी करायची, यातही एक खाच आहे. कंपनीच्या वेबसाइटवरची गुळगुळीत चित्रं बऱ्याचदा संगणकावर बनवलेली असतात. त्यांच्याशी कोणतंच खरं खोकं पूर्ण जुळत नाही. शिवाय खोक्यावरचा मजकूर दर काही वर्षांनी बदलतो. म्हणून मॉलमधल्या अधिकृत काउंटरवर जाऊन खऱ्या बाटलीचे फोटो स्वतः काढावेत आणि शक्यतो जवळपासच्याच बॅच वर्षाचं खोकं तुलनेला घ्यावं.

टोपणाचा मान लोकांनी उगाच वाढवून ठेवलाय. ‘ब्लू द शनेल’चं चौकोनी टोपण हे त्याचं कारण. त्यात चुंबक असतो. टोपण थोडं तिरकं फिरवून सोडलं की ते आपोआप फिरून बाटलीशी सरळ रेषेत येऊन बसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादू वाटते आणि ‘चुंबक आहे म्हणजे खरी’ हे डोक्यात पक्कं बसतं. चुंबक ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. मुंबईच्या बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून जे विकलं जातं त्यातही तो मिळतो. टोपणाचा फोटो पाहायचा तो दुसऱ्या कारणांसाठी : वरचं चिन्ह बरोबर मधोमध आहे का, प्लास्टिकवर साच्याच्या जोडाची बारीक रेघ राहिलीय का, टोपणाची कड बाटलीच्या खांद्याशी चारही बाजूंनी सारखी बसते का. चुंबकाची परीक्षा घ्यायचीच असेल तर पाच सेकंदांचा व्हिडिओ मागावा. नकलीत टोपण फिरतं, पण अर्ध्यावर थांबतं किंवा जरा वाकडंच बसतं. तरीही टोपणावरून बाटली खरी ठरवू नये. खोटी ठरवता आली तर ठरवावी.

टोपण काढून घेतलेला फोटो मात्र जरूर मागावा, कारण खाली मानेभोवती धातूची कडी असते. बहुतेक बाटल्यांत ती कारखान्यात दाबून कायमची बसवलेली असते, फिरकीची नसते. ती उघडायची तर पकडीने ओढावी लागते आणि मग धातूवर ओरखडे, चेपलेल्या जागा राहतात. याचं महत्त्व असं, की रिकाम्या खऱ्या बाटल्या विकत घेऊन त्यात भलतंच भरणारेही आहेत. तिथे काच खरी, टोपण खरं, खोकं खरं, कोड जुळणारा, छपाई स्वच्छ. फोटोत बोट ठेवायला उरते ती एवढी कडी. तीही सफाईने बसवली असेल तर फोटोला काही सांगता येत नाही. नाकाने आणि त्वचेवर काही तास थांबूनच ते कळेल.

आपल्याकडच्या खोक्यावर आणखी एक छपाई असते, तिच्याकडे बघायला विसरतात. रीतसर आयात झालेल्या परफ्युमवर आयातदाराचं नाव-पत्ता, सर्व करांसह किरकोळ किंमत आणि महिना-वर्ष सांगणारा स्टिकर भारतीय कायद्याने लागतो. तो नाही म्हणून बाटली खोटी ठरत नाही. दुबईहून भावाने आणलेली असू शकते. पण विकणारा ‘इथल्याच शोरूममधून घेतली’ म्हणत असेल आणि स्टिकर नसेल, तर त्याला बिल मागावं. स्टिकर असेल तर त्यावरचा महिना वाचून पुन्हा खोक्याच्या तळाशी जावं. तळाचा कोड ऑक्टोबर २०२३ सांगतो आणि स्टिकरवर माल मे २०२३ मध्ये आयात झाल्याचं छापलंय, असंही पाहायला मिळू शकतं.