आईच्या सहीचा अधिकार

पुण्यात कोथरूडला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. वय 76, गुडघे दुखरे, डोके मात्र तल्लख. मुलगा टोरांटोला असतो. नाशिकचा रिकामा पडलेला फ्लॅट विकून ते पैसे आईच्या देखभालीला लावायचे, असे दोघांनी ठरवले आहे. त्यासाठी आई मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देणार आहे. अशी घरे आज गल्लोगल्ली सापडतील.

या कागदाने मुलाला मिळते ते आईच्या वतीने सही करण्याचे बळ. फ्लॅट त्याचा होत नाही, पैसाही त्याचा होत नाही. त्यामुळे विक्रीची रक्कम आईच्याच खात्यात जमा व्हायला हवी. फ्लॅट त्याला स्वतःलाच घ्यायचा असेल, तर आईला सगळे सांगून तिची संमती घेतल्याशिवाय तो व्यवहार टिकणे कठीण. मुखत्यारपत्रावर घर ‘विकत घेतले’ म्हणणाऱ्यांनाही सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले, की मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. आईवडिलांनी मुलांना कामकाजासाठी दिलेल्या खऱ्याखुऱ्या मुखत्यारपत्रांना मात्र त्या निकालाने धक्का लावलेला नाही.

मसुदा करताना ‘सर्व अधिकार’ या दोन शब्दांवर विसंबू नये. अशा कागदाचा अर्थ न्यायालये काटेकोर लावतात, लिहिले असेल तेवढेच धरतात. म्हणून फ्लॅटचा पत्ता, करारावर व खरेदीखतावर सही करणे, दुय्यम निबंधकासमोर हजर राहणे, रक्कम आईच्या अमुक खात्यात घेणे, सोसायटीशी पत्रव्यवहार करणे, असे एकेक काम नाव घेऊन लिहावे. बक्षीसपत्राचा अधिकार स्पष्ट लिहिलेला नसेल, तर तो नाही असेच समजावे. आईचे मृत्युपत्र तर कोणताही मुखत्यार तिच्या वतीने करू शकत नाही.

परदेशातल्या मुलाची खरी अडचण यापुढे येते. खरेदीखताच्या दिवशी नाशिकला जाणार कोण? पुण्यातला आतेभाऊ तयार असतो. पण मुखत्याराला आपले काम परस्पर दुसऱ्यावर सोपवता येत नाही. त्यासाठी ‘दुय्यम मुखत्यार नेमण्याचा अधिकार’ हे कलम आईच्या मूळ कागदातच हवे. मग मुलगा टोरांटोतल्या भारतीय वकिलातीत सही करून आतेभावाला नेमू शकतो. तो कागद महाराष्ट्रात पोचला, की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते.

मूळ कागद मुलगा सुट्टीवर आला असतानाच नोंदवून घ्यावा. आईला कचेरीचा जिना चढवत नसेल, तर अर्ज करून निबंधकांना घरी बोलावण्याची सोय नोंदणी कायद्यात आहे. मोबदला न घेता जवळच्या नातलगाला विक्रीचा अधिकार दिला, तर मुद्रांक 500 रुपयांत भागतो. परक्याला दिला तर खरेदीखतासारखे शुल्क लागू शकते.

आता सगळ्यांत कमी ठाऊक असलेली, आणि सगळ्यांत जास्त नडणारी गोष्ट. भारतीय करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा तिची बुद्धी चालेनाशी झाली, की मुखत्यारीही संपते. इंग्लंडमध्ये आईची समज गेल्यावरही चालू राहणारा वेगळा मुखत्यारनामा असतो; भारतात तशी तरतूद नाही. म्हणजे आईला स्मृतिभ्रंश होऊन ती व्यवहार समजण्याच्या पलीकडे गेली, की मुलाला ज्या दिवसांसाठी कागद हवा होता, नेमक्या त्याच दिवसांत तो निकामी होतो.

हे दडवून सही करण्याचा मोह होतो. खरेदीखत नोंदवताना महाराष्ट्रात मुखत्याराकडून घोषणापत्र घेतात: लिहून देणारी व्यक्ती हयात आहे, मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही, अन्य कारणानेही ते रद्दबातल ठरलेले नाही. हे खोटे लिहिणे नोंदणी कायद्याच्या कलम 82 खाली गुन्हा आहे. आई रात्री गेली आणि सकाळी मुलाने रुग्णालयाचे बिल भरायला तिच्या खात्यातून मुखत्यार म्हणून पैसे काढले, तर हेतू कितीही चांगला असला तरी अधिकार उरलेला नसतो. तिथून पुढे नामनिर्देशन आणि वारसांचा मार्ग सुरू होतो.

म्हणून आई धडधाकट असतानाच फ्लॅटचा निकाल लावावा. सहीच्या दिवशी तिला सगळे समजत होते असा डॉक्टरांचा दाखला कागदाला जोडावा, आणि रोजच्या खर्चासाठी संयुक्त खात्याची सोय बँकेला विचारून करून ठेवावी. वेळ निघून गेलीच, तर उच्च न्यायालयात जाऊन आईसाठी पालक नेमून घ्यावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी अशा नेमणुकीची पद्धत घालून दिली. तीत वैद्यकीय तपासणी आहे, सगळ्या वारसांची माहिती द्यावी लागते आणि नेमलेल्या पालकाला दर सहा महिन्यांनी न्यायालयाकडे अहवाल द्यावा लागतो.