‘नेट चालत नाही’च्या पुढची चार वाक्यं

सोमवारी सकाळी लेखा विभागातल्या एका कर्मचारी बाई लॅपटॉप उघडतात. रजेचा अर्ज भरायचं कार्यालयाचं अंतर्गत पोर्टल काही केल्या उघडत नाही. त्या आयटी डेस्कला कळवतात, ‘नेट चालत नाही, लवकर बघा.’ तिथला तंत्रज्ञ वायफाय तपासतो, राउटर पाहतो, केबल चाचपतो. तासभर जातो आणि सगळं ठणठणीत निघतं.

खरं तर नेट चालतच होतं. गूगल उघडत होतं, मेलही येत होती. अडलं होतं फक्त पोर्टल, तेही या एकाच लॅपटॉपवर. एवढं पहिल्याच निरोपात असतं, तर राउटरकडे कुणी वळलंही नसतं. म्हणून कळवण्याआधी पाहायची पहिली गोष्ट ही: काय चालतं आणि काय चालत नाही? शेजाऱ्याच्या संगणकावर तेच पोर्टल उघडतं का? वायफायऐवजी केबल जोडली तर? शेजाऱ्याकडे उघडत असेल, तर पोर्टलचा सर्व्हर बहुधा बरा आहे. केबलवर उघडत असेल, तर दोष त्या लॅपटॉपच्या वायफायच्या मांडणीत शोधायचा.

दुसरी गोष्ट, पडद्यावरचा संदेश. तो जसाच्या तसा हवा. ‘काहीतरी एरर येतेय’ यातून काहीच हाती लागत नाही. क्रोममध्ये `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` दिसलं, तर त्या नावाचा पत्ताच सापडला नाही असा अर्थ होतो. `ERR_CONNECTION_TIMED_OUT` असेल, तर बहुतेक वेळा पत्ता सापडलेला असतो, पण पलीकडून वेळेत उत्तर येत नाही. `NET::ERR_CERT_DATE_INVALID` आलं, तर संगणकाचं घड्याळ चुकलेलं असू शकतं किंवा त्या साइटच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असू शकते. तिन्ही वेळा पोर्टल उघडत नाही, पण शोधाच्या वाटा तीन निघतात. विंडोजवर Windows, Shift आणि S या कळा एकदम दाबल्या की पडद्याचा हवा तो भाग टिपता येतो. त्यात वरची पत्त्याची ओळही येऊ द्यावी, कारण कधी कधी चूक पत्ता टाइप करतानाच झालेली असते.

या बाईंच्या पडद्यावर पहिला संदेश होता. आता पुढचा पुरावा मिळवायला अर्धं मिनिट पुरतं. स्टार्टमध्ये `cmd` टाइप करून एंटर दाबायचं आणि उघडलेल्या काळ्या खिडकीत ही ओळ लिहायची:

```
ipconfig /all | clip
```

खिडकीत काहीच दिसत नाही, कारण सगळी माहिती क्लिपबोर्डवर गेलेली असते. ती मेलमध्ये पेस्ट करायची. या आज्ञेनं कोणतीही सेटिंग बदलत नाही. मेलच बंद असेल, तर नुसतं `ipconfig /all` लिहून पडद्याचा मोबाइलनं फोटो काढावा. तिकिटासाठी लागणारं संगणकाचं नावही याच माहितीत Host Name या ओळीत सापडतं.

बाईंच्या वायफायखालच्या ओळी अशा होत्या:

```
DHCP Enabled. . . . : Yes
IPv4 Address. . . . : 192.168.10.57
DNS Servers . . . . : 8.8.8.8
```

शेवटच्या ओळीत सारा उलगडा झाला. DNS सर्व्हर नावावरून आकडी पत्ता शोधून देतो. 8.8.8.8 ही गूगलची 2009पासूनची सार्वजनिक सेवा. जगभरच्या साइट तिला ठाऊक असतात, पण कार्यालयाच्या आतलं पोर्टल फक्त कार्यालयाच्या DNS सर्व्हरलाच माहीत असतं. शेजारच्या संगणकावर त्या जागी 192.168.10.5 होतं. घरी नेट मंद वाटलं म्हणून कुणीतरी शनिवारी लॅपटॉपच्या वायफायला 8.8.8.8 हाताने भरून दिलं होतं आणि ते तसंच कार्यालयात आलं. केबलची मांडणी वेगळी साठवलेली असते, म्हणून केबल जोडताच पोर्टल उघडलं. तंत्रज्ञानं DNS पुन्हा ‘आपोआप’वर ठेवलं आणि काम झालं.

याच यादीत IPv4 चा पत्ता 169.254 ने सुरू झाला, तर गोष्ट निराळी. अशा वेळी संगणकाला नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नसतो आणि त्यानं स्वतःच एक तात्पुरता घेतलेला असतो. मग मात्र केबल, वायफाय किंवा पत्ते वाटणारा सर्व्हर तपासणं भाग आहे.

अर्थात, या यादीत सगळंच दिसत नाही. प्रॉक्सीची मांडणी किंवा ब्राउझरनं स्वतःपुरता निवडलेला DNS त्यात येत नाही. म्हणून दुसऱ्या ब्राउझरमध्ये साइट उघडते का, हेही एका वाक्यात लिहावं. घरून व्हीपीएनवर काम करत असाल, तर तेही सांगावं.

अडचण कधीपासून आहे आणि शेवटचं नीट केव्हा चाललं, हे वेळेसकट कळवावं. ‘शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजता चाललं, सोमवारी 9.40ला नाही’ एवढं वाचलं की तंत्रज्ञ मधल्या काळातले बदल शोधू लागतो. नवा अँटिव्हायरस, विंडोजचा अपडेट, बदललेला पासवर्ड, कुणी हाताळलेली सेटिंग, जे आठवेल ते लिहावं. मात्र पासवर्ड स्वतः कुणालाही पाठवू नये. संगणक रीस्टार्ट करायला हरकत नाही, पण संदेश टिपून झाल्यावर. ‘नेटवर्क रीसेट’चं बटण मात्र स्वतःहून दाबू नये. त्यानं जुन्या नोंदी पुसल्या जातात, साठवलेले वायफाय पासवर्ड जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवावं लागू शकतं.

आणि सेटिंग स्वतः किंवा घरच्या कुणी बदलली असेल, तर संकोच न करता ती तक्रारीच्या पहिल्याच ओळीत लिहा.