पिस्टनच्या रिंगा नेमके काय करतात?

पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट बसवलेला नसतो. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि तापल्यावर बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो. घट्ट बसवला, तर इंजिन गरम होताच तो जागच्या जागी अडकेल. म्हणून त्याच्याभोवती काही शतांश मिलिमीटरची फट मुद्दाम सोडतात. ही फट बुजवण्याचे काम रिंगांचे. पूर्वी वाफेच्या इंजिनात पिस्टनभोवती चरबी लावलेले तंतू गुंडाळत आणि ते लवकर झिजत. इंग्लंडमधील रेल्वे अभियंता जॉन रॅम्सबॉटम याने १८५०च्या दशकात त्यांच्या जागी एका बाजूने चिरलेली धातूची रिंग आणली. आजच्या रिंगा मूळ कल्पनेत तीच आहेत.

रिंग मोकळी असताना बोअरपेक्षा थोडी मोठी असते. दाबून आत घातली की ती बाहेर पसरू पाहते आणि भिंतीला टेकून राहते. पण हा ताण एकट्याने पुरा पडत नाही. १०० सीसीच्या मोटारसायकलचा बोअर सुमारे ५० मिलिमीटर असतो. त्यात पेट्रोलचा भडका उडाला की पिस्टनच्या माथ्यावर वातावरणाच्या चाळीसएक पट दाब येतो, म्हणजे साधारण आठशे किलोचा भार. रिंगची खरी करामत इथे दिसते. तिच्या आणि खाचेच्या वरच्या कडेत बारीक जागा असते. तिथून वायू रिंगच्या मागे शिरतो, तिला भिंतीवर रेटतो आणि त्याच वेळी खाचेच्या खालच्या कडेवर दाबून बसवतो. निसटू पाहणारा वायूच स्वतःची वाट बंद करतो. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट.

रिंगच्या दोन टोकांमधली फट मात्र उघडीच ठेवावी लागते. ५० मिलिमीटर बोअरच्या रिंगेचा परीघ १५७ मिलिमीटर. रिंग भिंतीपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापली, तर तिची लांबी सुमारे ०.१७ मिलिमीटर वाढते. टोकांना जागाच नसेल तर ती एकमेकांना भिडतात, रिंग भिंत ओरबाडते किंवा तुटते. म्हणून नव्या रिंगेत अशा बोअरला साधारण ०.२ मिलिमीटर फट असते. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देत नाहीत, नाहीतर वायूला सरळ रस्ता मिळतो.

दुसरी रिंग उरलेला वायू अडवते, पण तिचे मोठे काम तेलाचे आहे. तिचा बाहेरचा चेहरा किंचित उतरता असतो, त्यामुळे भिंतीला तिची खालचीच कड टेकते. पिस्टन वर जाताना ती तेलाच्या थरावरून घसरते आणि खाली येताना तेल खरवडते. उलटी बसवली तर ती तेल वर ढकलू लागते. म्हणूनच रिंगवर ठिपका किंवा अक्षर कोरलेले असते आणि ती बाजू वर ठेवायची असते.

तिसरी ऑईल रिंग. बहुतेक गाड्यांत ती दोन पातळ पोलादी पट्ट्या आणि मधली लाटदार स्प्रिंग अशी तीन तुकड्यांची असते. तिच्यामागे वायूचा दाब नसतो, म्हणून तिला स्प्रिंगचाच आधार. तिने खरवडलेले तेल खाचेतल्या भोकांतून पुन्हा खाली टाकीत जाते. भिंत मात्र पूर्ण कोरडी करून चालत नाही. हॉनिंगने भिंतीवर पाडलेल्या तिरक्या बारीक रेघांत थोडे तेल धरून राहते आणि त्यावरच रिंगा सरकतात.

झीज सर्वांत जास्त वरच्या टोकाला होते. तिथे पिस्टन क्षणभर थांबतो, तेलाचा थर तुटतो आणि दाबही तिथेच शिगेला असतो. मग वायू खाली निसटून ब्रीदरमधून फुफाटतो, तेल वर येऊन जळते आणि ॲक्सिलरेटर पिळला की सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. रात्रभर उभी गाडी सुरू करताना क्षणभरच धूर येत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या सीलचा असतो. खात्रीसाठी कॉम्प्रेशन मोजतात, प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडतात आणि पुन्हा मोजतात. आकडा चांगला वाढला तर रिंगा गेल्या आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्ह तपासायचा. सिलिंडर आडवा असेल तर तेल एकाच बाजूला साचते, त्यामुळे तिथे ही चाचणी कमी भरवशाची.

इंजिन उघडल्यावर नुसत्या रिंगा बदलायच्या का, हे बोअर मोजून ठरते. नवी रिंग बोअरमध्ये सरळ बसवून टोकांतली फट फिलर गेजने मोजावी. बोअरचा व्यास ०.१ मिलिमीटर वाढला असेल, तर फट त्याच्या सव्वातीन पटीच्या आसपास, म्हणजे ०.३ मिलिमीटरने वाढते. ०.२ची फट ०.५ दिसते. अशा बोअरमध्ये नव्या रिंगा घालून पैसे वाया जातात. तिथे रिबोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन आणि त्याच्याच रिंगा घालाव्या लागतात.