भाड्याचं खातं बदललं, असा निरोप आला तर

आपल्यापैकी कितीतरी जणी भाड्याच्या घरात राहतात आणि हल्ली पुष्कळ घरांचे मालक परदेशी असतात. मुलाकडे गेलेले काका-काकू, नोकरीसाठी आखातात गेलेलं एखादं जोडपं. भाडं दर महिन्याला बँकेतून जातं, त्यामुळे वर्षभर एकमेकांचं तोंड दिसत नाही. आणि मग एक दिवस निरोप येतो, ‘या महिन्यापासून भाडं नव्या खात्यात भरा.’ असा निरोप आल्यावर काय करायचं, ते आज बघू.

समजा, आपली एक मैत्रीण आहे, सुनंदा. नाशिकला राहते. भाडं महिना अठरा हजार. घरमालकीण काकू दोन वर्षांपूर्वी लेकाकडे टोरांटोला गेल्या. महिन्याच्या तीस तारखेला सुनंदाला ईमेल येतो, ‘सुनंदा, माझं जुनं खातं बँकेनं तपासणीसाठी थांबवलंय. या वेळचं भाडं खालच्या खात्यात उद्याच भर. मी प्रवासात आहे, फोन लागणार नाही.’ खाली खाते क्रमांक, आयएफएससी आणि एक अनोळखी नाव.

हा निरोप खराही असू शकतो, खोटाही. आधी खरं कारण काय असू शकतं ते समजून घेऊ. माणूस परदेशी स्थायिक झाला की त्याला इथलं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. परकीय चलनाच्या नियमांनुसार ते ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावं लागतं. भारतातलं घरभाडं, पेन्शन अशी मिळकत सहसा याच खात्यात जमा होते. काही वेळा बदलताना क्रमांक तोच राहतो, काही वेळा नवा मिळतो. म्हणजे दोन वर्षांनी काकूंचं खातं बदलणं यात नवल काहीच नाही.

पण हे फसवणाऱ्यालाही माहीत असतं. तो काकूंचा ईमेल फोडून आत शिरतो, जुने निरोप वाचतो. भाडं किती, कुठल्या तारखेला जातं, काकू तुम्हाला काय हाक मारतात, सगळं त्याला कळतं. मग तो काकूंच्याच पत्त्यावरून लिहितो. किंवा एकच अक्षर इकडचं तिकडे केलेला पत्ता बनवतो. व्हॉट्सॲपवर काकूंचा फोटो लावून ‘हा माझा नवा नंबर’ म्हणतो. म्हणून पत्ता बरोबर आहे, फोटो काकूंचाच आहे, एवढ्यावर विसंबू नका.

सुनंदाच्या ईमेलमध्ये तीन गोष्टी खटकायला हव्यात. घाई आहे. फोन करायचा नाही असं आधीच सांगून टाकलंय. आणि खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर आहे. भाडं काकूंचं, तर खातंही काकूंच्याच नावाचं हवं.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बँकेतून पैसे पाठवताना तुम्ही नाव लिहिता खरं, पण पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. नाव काकूंचं लिहिलं आणि क्रमांक दुसऱ्याचा असला, तर पैसे त्या दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून नाव लिहिलं की काम झालं, असं समजू नका. एनईएफटीनं पाठवताना पैसे जाण्याआधी समोरच्या खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवायची सोय आता आहे. तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये ती शोधा आणि ते नाव वाचा.

मग सुनंदानं काय करायचं? त्या ईमेलला उत्तर द्यायचं नाही. भाडेकरार काढायचा. त्यात लिहिलेल्या किंवा आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावायचा. आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले की टोरांटोला सकाळ असते, तेव्हा काकू सापडतील. शक्यतो व्हिडिओ कॉल करायचा आणि सरळ विचारायचं, ‘काकू, खातं बदलल्याचा निरोप तुम्हीच पाठवलाय ना?’ यात संकोच कसला? काकूंचे पैसे वाचवायलाच आपण विचारतोय. फोन लागला नाही तर थांबायचं आणि करारातल्या साक्षीदाराला किंवा काकूंच्या ओळखीच्या नातेवाइकाला गाठायचं. भाडं दोन दिवस उशिरा गेलेलं परवडतं.

काकूंनी हो म्हटलं, तरी तोंडी बोलण्यावर थांबू नका. त्यांच्याकडून सहीचं छोटं पत्र मागवा. जुनं खातं कुठलं, नवं कुठलं, कुठल्या महिन्यापासून, हे त्यात असावं. सोबत नव्या खात्याच्या रद्द केलेल्या धनादेशाचा किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो घ्या. हा कागद करारासोबत ठेवा. उद्या ‘भाडं मिळालंच नाही’ असा वाद निघाला, तर तोच तुमचा पुरावा.

त्यानंतर नवं खातं ॲपमध्ये जोडा. नव्या खात्याला पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू न देण्याची अट बऱ्याच बँकांत असते, म्हणून हे भाड्याच्या तारखेआधी तीन-चार दिवस करा. आधी छोटी रक्कम पाठवा, समजा सतरा रुपये, पण किती पाठवले ते सांगू नका. मग काकूंना जुन्याच नंबरवर विचारा, ‘किती जमा झाले?’ सतरा म्हणाल्या, की उरलेलं भाडं पाठवा. हा प्रश्न ईमेलवर विचारू नका. तिथे चोर बसला असेल तर बरोबर उत्तर तोच देईल.

आणखी एक गोष्ट. खात्याच्या माहितीत ‘एनआरओ’ दिसलं, तर काकू आता अनिवासी आहेत, असं समजा. अशा मालकाला भाडं देताना भाडेकरूनं आयकर कापून सरकारकडे भरायचा असतो. पन्नास हजारांची मर्यादा भारतात राहणाऱ्या मालकांसाठी आहे, इथे ती नाही. दर साधारण ३१.२ टक्के. म्हणजे अठरा हजारांतून ५,६१६ रुपये कराचे आणि १२,३८४ काकूंच्या खात्यात. यासाठी भाडेकरूला टॅन क्रमांक काढावा लागतो. काकूंचं उत्पन्न कमी असेल, तर त्या आयकर खात्याकडून कमी दरानं कपातीचा दाखला आणू शकतात. हे काम एकदा कर सल्लागाराकडे बसून दोघींनी ठरवून घ्यावं. कर कापला नाही, तर नोटीस भाडेकरूला येते.

आणि चुकून पैसे गेलेच तर? लाजून घरात बसू नका. त्याच क्षणी आपल्या बँकेला कळवा आणि १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, तो ॲपमध्ये त्या नोंदीवर असतो. चोर पैसे पुढच्या खात्यांत हलवतो. त्याआधी खातं गोठलं, तरच पैसे परत मिळायची आशा असते, म्हणून पहिले काही तास फार मोलाचे. काकूंनाही लगेच सांगा, कारण त्यांचा ईमेल अजून उघडाच असेल. आणि हेही खरं, की काकूंना भाडं पोचलेलं नसतं, त्या ते पुन्हा मागू शकतात.

आज घरी गेल्यावर एवढंच करा, करार काढा आणि मालकांचा फोन नंबर त्यात आहे का बघा. नसेल तर आजच विचारून वहीत लिहून ठेवा. येते, नमस्कार.